नवं मशीन कर्जावर घेताय? हप्ता झेपेल का, हे आधी स्वतः मोजून बघा

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. मी आणि धाकटा भाऊ, भागीदारी फर्म. आसपासच्या फाउंड्रीतून कास्टिंग घ्यायचं, मशीनिंग करायचं आणि ट्रॅक्टरचे व पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्यांना पुरवायचं, हे आमचं काम.

पहिली सीएनसी लेथ घेतली तेव्हा प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये डीएससीआर, म्हणजे कर्जाचे हप्ते फेडण्याच्या ताकदीचं गुणोत्तर, १.९ लिहिलेला होता. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे आपल्याला झेपतंय, अशी आमची समजूत होती. दुसऱ्या वर्षी मुख्य गिऱ्हाईकाने शेड्यूल कमी केलं आणि आम्ही लेथचा हप्ता कॅश क्रेडिटमधून भरायला लागलो. सात महिन्यांत सीसी काठोकाठ भरली आणि फाउंड्रीवाल्याचे पैसे थकले. त्या १.९ मध्ये काय धरलं होतं आणि काय सुटलं होतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा बसून तपासलं.

नंतर व्हीएमसी घ्यायची ठरली, तेव्हा बँकेत जाण्याआधी हा हिशोब घरच्या टेबलावर केला. तोच इथे क्रमाने मांडतो. आकडे आमचेच आहेत, सोयीसाठी थोडे गोल केलेत आणि सगळे लाखांत आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील, पण पद्धत हीच लागेल.

## सोबत काय घेऊन बसायचं

- मागच्या ३ वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक
- चालू असलेल्या प्रत्येक कर्जाचं सँक्शन लेटर आणि परतफेडीचं वेळापत्रक. गाडीचं कर्ज फर्मच्या नावावर असेल तर तेही.
- सीसी खात्याचं १२ महिन्यांचं स्टेटमेंट
- १२ महिन्यांचे जीएसटीआर-३बी आणि वीजबिलं. विक्री आणि युनिट यांचा मेळ बँकवाला लावून बघतो, म्हणून तो आधी आपण लावून ठेवावा.
- मशीनचं कोटेशन. त्यात फाउंडेशन, कॉम्प्रेसर, स्टॅबिलायझर, फिक्श्चर आणि पहिलं टूलिंग धरलेलं नसतं, त्यांचे आकडे वेगळे मिळवा.
- भागीदारांच्या उचलीचा खरा आकडा. हा कुठल्याच फायलीत मनासारखा सापडत नाही, तो आपणच प्रामाणिकपणे लिहायचा.

## १. दोन गुणोत्तरं काय विचारतात, ते आधी समजून घ्या

इंटरेस्ट कव्हरेज एवढंच विचारतं, की धंद्याच्या कमाईतून व्याज किती वेळा भरता येईल. व्याज आणि कर वजा करण्याआधीचा नफा घ्यायचा आणि त्याला वर्षाच्या एकूण व्याजाने भागायचं. एकूण व्याज म्हणजे टर्म लोनचंही आणि सीसीचंही.

डीएससीआर जास्त कडक आहे. तो विचारतो, की व्याज आणि मुद्दल दोन्ही भरायला धंद्यातून पुरेसे पैसे निघतात का. वरच्या बाजूला करानंतरचा नफा, त्यात घसारा मिळवायचा आणि टर्म लोनचं व्याज मिळवायचं. खालच्या बाजूला वर्षभरात भरायचं टर्म लोनचं मुद्दल आणि त्याचं व्याज.

घसारा परत का मिळवायचा, हे मला सुरुवातीला कळत नव्हतं. घसारा पुस्तकात खर्च म्हणून दिसतो, पण त्या वर्षी खिशातून कुणाला पैसे दिलेले नसतात. मशीनचे पैसे आधीच देऊन झालेत. त्यामुळे हप्त्यासाठी उपलब्ध पैसा मोजताना तो परत येतो. टर्म लोनचं व्याज परत मिळवायचं कारण वेगळं आहे. ते नफ्यातून एकदा वजा झालंय आणि खालच्या बाजूला पुन्हा धरलंय, म्हणून वर मिळवलं नाही तर दोनदा कापलं जाईल. सीसीचं व्याज मात्र दोन्हीकडे धरायचं नाही. ते खर्चात जाऊन नफा आधीच कमी झालेला असतो, आणि सीसीला हप्ता नसतो.

एक्सेलमध्ये एका खाली एक आकडे लिहून ठेवले की सूत्र एवढंच:

```
B2 करानंतरचा नफा
B3 घसारा
B4 टर्म लोनचं व्याज
B5 घरची जादा उचल
B6 टर्म लोनचं मुद्दल

=(B2+B3+B4-B5)/(B6+B4)
```

यातली B5 ची ओळ बँकेच्या नेहमीच्या सूत्रात नसते. ती मी का घातली, ते तिसऱ्या पायरीत सांगतो.

इंटरेस्ट कव्हरेज काढताना काही जण घसाऱ्याआधीचा नफा घेतात. तसं केलं की आकडा फुगतो. आमच्यासारख्या धंद्यात मशीन खरोखर झिजतं, स्पिंडल बदलावा लागतो, म्हणून मी घसारा वजा केल्यानंतरचाच नफा घेतो. दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी तुलना करायची असेल तर त्याने कुठला नफा धरलाय ते आधी विचारा.

## २. मागच्या वर्षाचा हिशोब मांडा

आमची वर्षाची विक्री २४० लाख होती. कास्टिंग, मजुरी, वीज, टूलिंग, भाडं, वाहतूक आणि भागीदारांचा ठरलेला पगार असा सगळा खर्च २०८ लाख. म्हणजे व्याज, घसारा आणि कर यांच्या आधी ३२ लाख उरले.

त्यातून घसारा ८ गेला, राहिले २४. व्याज ५.१ होतं. त्यात ३.६ सीसीचं आणि १.५ दुसऱ्या लेथच्या चालू कर्जाचं. उरलेल्या १८.९ वर भागीदारी फर्मचा कर ३० टक्के आणि त्यावर सेस, म्हणजे ३१.२ टक्क्यांनी ५.९ लाख. करानंतरचा नफा १३. लेथच्या कर्जाचं मुद्दल वर्षाला ५ लाख जात होतं.

इंटरेस्ट कव्हरेज: २४ भागिले ५.१, म्हणजे ४.७.

डीएससीआर: वर १३ अधिक ८ अधिक १.५, म्हणजे २२.५. खाली ५ अधिक १.५, म्हणजे ६.५. उत्तर ३.५ च्या आसपास.

दोन्ही आकडे छान दिसतात. पण ते मागच्या वर्षाचे आहेत आणि त्यात नवं कर्ज नाही. आत्ता धंदा धडधाकट आहे, यापलीकडे त्यांच्यातून काही कळत नाही.

मालकी हक्काचा धंदा असेल तर कर तुमच्या स्लॅबप्रमाणे धरा आणि पुढची पायरी दोनदा वाचा.

## ३. घरची उचल वजा करा

भागीदारांचा पगार आम्ही वर्षाला ८ लाख दाखवतो आणि तो खर्चात धरलेला आहे. पण दोन कुटुंबं त्यावर चालत नाहीत. माझ्या घराचा हप्ता, भावाच्या मुलीची फी, गावाकडचा खर्च असे आणखी ५ लाख भांडवल खात्यातून उचलले जातात. हा पैसा नफा-तोटा पत्रकात कुठेच दिसत नाही, कारण उचल हा खर्च नसून नफ्यातला वाटा असतो. डीएससीआरचं सूत्र मात्र असं धरून चालतं, की करानंतरचा सगळा नफा हप्त्यासाठी मोकळा आहे.

एकट्या मालकाच्या धंद्यात ही चूक फार मोठी होते. तिथे मालकाचा पगार खर्चात धरलेलाच नसतो, त्यामुळे घरखर्चाचा रुपया न् रुपया नफ्यातून जातो.

आमचे ५ लाख वजा केले की मागच्या वर्षाचा ३.५ चा आकडा २.७ वर आला. धंदा तोच, फर्म तीच. पहिल्या लेथच्या वेळच्या १.९ मध्ये सुटलेली पहिली गोष्ट हीच होती.

## ४. नवं मशीन किती कमावेल, ते तासांवरून काढा

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा विक्री दरवर्षी १५ किंवा २० टक्क्यांनी वाढवलेली असते. सीएला दोष देण्यात अर्थ नाही. तुमचं मशीन किती तास चालणार, हे त्यांना तुम्ही सांगितल्याशिवाय कसं कळणार? टक्केवारी बाजूला ठेवा आणि तास मोजा.

आमच्या व्हीएमसीचं कोटेशन ४५ लाखांचं होतं. फाउंडेशन, कॉम्प्रेसर, फिक्श्चर वगैरे ५ लाख, म्हणजे एकूण ५० लाख. त्यात १४ लाख आमचे आणि ३६ लाख कर्ज.

दोन शिफ्ट म्हणजे १६ तास. पण सेटिंग, जेवणाची सुट्टी, पार्ट बदलणं, टूल तुटणं, ऑपरेटरची गैरहजेरी, लाइट जाणं हे धरून प्रत्यक्ष कटिंगचे ७० टक्के तास मिळाले तरी मी समाधानी असतो. दिवसाला ११.२ तास, महिन्याला २५ दिवस, वर्षाला ३,३६० तास. आमच्या कामाला आम्ही तासाला ६०० रुपये धरले. वर्षाला २०.२ लाख झाले. हा दर तुमच्या भागात आणि तुमच्या कामाला किती मिळतो, ते शेजारच्या दोन शॉपमध्ये विचारून घ्या. कोटेशन देणाऱ्या सेल्समनने सांगितलेला दर धरू नका.

खर्चात दोन ऑपरेटर ४.८ लाख. वीज, टूल, कूलंट आणि तपासणी मिळून ५ लाख. हातात उरतात १०.४ लाख.

आता हप्ता बघा. ३६ लाख, ५ वर्षं, त्यातले पहिले ६ महिने मोरॅटोरियम, म्हणजे तेवढे दिवस मुद्दलाला सूट. उरलेल्या ५४ महिन्यांत समान मुद्दल भरायचं, म्हणजे पूर्ण वर्षाला ८ लाख. व्याज १०.५ टक्क्यांनी दुसऱ्या वर्षी साधारण ३ लाख. एकूण ११ लाख.

मशीनची कमाई १०.४ आणि हप्ता ११. म्हणजे दोन शिफ्ट नीट चालूनही हे मशीन स्वतःचा हप्ता पुरता काढत नाही. उरलेला भार जुना धंदा उचलणार. हे कळल्यावर माझा प्रश्नच बदलला. मशीन परवडतं का, हे विचारणं मी सोडलं आणि जुना धंदा आजारी पडला तर काय, हे बघायला लागलो.

इथे दोन खड्डे आहेत. मशीनवरचा १८ टक्के जीएसटी, आमच्या बाबतीत ८.१ लाख, बिलाबरोबर द्यावा लागतो आणि इनपुट क्रेडिटमधून तो हळूहळू सुटतो. कर्जात तो धरलाय का ते विचारा. नसेल तर तेवढे पैसे काही महिने अडकणार, आणि ते सीसीतून दिले तर रोजच्या कास्टिंगला पैसे उरणार नाहीत. दुसरा खड्डा उधारीचा. गिऱ्हाईक ७५ दिवसांनी पैसे देत असेल तर वाढलेल्या २०.२ लाख विक्रीतले सुमारे ४ लाख कायम बाजारात अडकलेले राहतील. नफा पुस्तकात दिसेल, पण पहिल्या वर्षी तेवढा पैसा हातात येणार नाही.

## ५. सरासरीकडे बघू नका, सगळ्यात अवघड वर्ष शोधा

बँक सहसा कर्जाच्या सगळ्या वर्षांचा सरासरी डीएससीआर बघते. बऱ्याच ठिकाणी सरासरी १.५ च्या आसपास मागतात आणि एखाद्या वर्षी १.२ च्या खाली गेलेला चालत नाही. नेमकी अट बँकेगणिक बदलते, ती शाखेत विचारून घ्या.

सरासरी फसवते, कारण शेवटची वर्षं फार सोपी असतात. आमच्या हिशोबात पाचव्या वर्षी जुनं कर्ज संपलेलं आणि नव्याचं व्याज उतरलेलं असल्याने गुणोत्तर तीनच्या वर जात होतं. ते वर्ष सरासरीला वर ओढतं. पण तिथवर पोचायला आधी दुसरं वर्ष पार करावं लागतं.

दुसरंच का? पहिल्या वर्षी ६ महिने मोरॅटोरियम आहे, त्यामुळे मुद्दल ४ लाखच जातं. तिसऱ्या वर्षी जुन्या लेथचे शेवटचे २ लाख उरतात. दुसऱ्या वर्षी मात्र नव्याचे ८ आणि जुन्याचे ५ असे १३ लाख मुद्दल, वर दोन्हींचं मिळून ३.५ लाख व्याज. एकूण १६.५ लाख. सगळ्या कर्जांची वेळापत्रकं एकाखाली एक लिहिली की तुमचं असं वर्ष लगेच दिसेल.

त्या वर्षाचा आमचा अंदाज असा होता: जुन्या धंद्याचे ३२ आणि मशीनचे १०.४ मिळून ४२.४. जुना-नवा घसारा १२.२, उरले ३०.२. सीसी पूर्ण वापरात धरून एकूण व्याज ७.७. कर ७. करानंतरचा नफा १५.५.

इंटरेस्ट कव्हरेज ३.९. डीएससीआर १.८९. घरची उचल वजा केली की १.५९.

घसाऱ्याबद्दल एक सांगायचं राहिलं. आयकरात मशीनला घटत्या शिलकीवर १५ टक्के घसारा मिळतो, पण मशीन त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं गेलं तर निम्माच. ऑक्टोबरनंतर मशीन बसवलं तर पहिल्या वर्षीचा कर तुमच्या अंदाजापेक्षा जास्त येईल.

## ६. त्याच वर्षावर ताण टाकून बघा

ताण टाकताना काहीतरी भयंकर कल्पना करायची गरज नाही. आपल्याकडे आधी घडून गेलेलं तेवढं धरायचं. पाऊस लांबला की ट्रॅक्टरचं शेड्यूल कमी होतं, हे आम्ही दोनदा बघितलंय. म्हणून जुन्या धंद्याची कमाई २० टक्क्यांनी कमी धरली, ३२ ऐवजी २५.६. व्हीएमसीला ठरवलेल्या तासांच्या ६० टक्केच काम मिळालं असं धरलं. नव्या पार्टचं सँपल मंजूर व्हायलाच दोन-तीन महिने जातात आणि पूर्ण काम हळूहळू मिळतं, त्यामुळे हे काही फार निराश गृहीतक नाही.

काम ६० टक्के झालं तरी ऑपरेटरचा पगार ६० टक्के होत नाही. हे बहुतेक जण विसरतात. मशीनची विक्री १२.१, पगार ४.८ तेवढाच, बाकीचा खर्च ३. उरले ४.३. म्हणजे काम ४० टक्क्यांनी घटलं, पण कमाई जवळजवळ ६० टक्क्यांनी घटली.

एकूण कमाई २९.९. घसारा जाऊन १७.७. व्याज तेच ७.७. कर ३.१. करानंतरचा नफा ६.९.

आता दोन्ही गुणोत्तरं शेजारी ठेवून बघा:

| | अंदाजाप्रमाणे | ताणात |
|---|---|---|
| इंटरेस्ट कव्हरेज | ३.९ | २.३ |
| डीएससीआर, बँकेच्या सूत्राने | १.८९ | १.३७ |
| डीएससीआर, उचल वजा करून | १.५९ | १.०७ |

ताणातसुद्धा व्याज दोनदा भरता येईल एवढी कमाई आहे. फक्त इंटरेस्ट कव्हरेज बघणारा माणूस निर्धास्त होईल. पण मुद्दल धरलं आणि घर चालवलं, की वर्षाला १६.५ लाख भरायचे आणि हातात १७.६. म्हणजे वर्षभरात जेमतेम एक लाखाची मोकळीक. एका गिऱ्हाईकाने एक बिल महिनाभर लांबवलं की ती संपली. मुदत ठरलेलं कर्ज असेल तिथे डीएससीआरच निर्णय देतो. इंटरेस्ट कव्हरेज मी दुसऱ्या कामाला वापरतो: सीसी वाढत चाललीय का, ते कळायला. हप्ते ठरल्याप्रमाणे जाताहेत, तरी कव्हरेज वर्षागणिक घसरतंय, असं दिसलं तर बहुधा हप्ते सीसीतून जाताहेत.

व्याजदराचाही ताण टाका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना बँका बदलत्या दराने जी नवी कर्जं देतात, ती १ ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या मापदंडाला जोडलेली असतात, बहुतेक ठिकाणी रेपो दराला, आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दर बदलून लागतो. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ झाला. वर्षही पुरं झालं नव्हतं. तीच अडीच टक्क्यांची वाढ मी वरच्या ताणात घातली, तर १.०७ चा आकडा ०.९९ वर आला. म्हणजे हप्त्याला पैसे कमी पडले.

## ७. आकडा कमी आला तर काय हलवायचं

मी स्वतःसाठी ठरवलेली रेघ अशी आहे: ताणाच्या वर्षात, उचल वजा करून, डीएससीआर १.२ च्या खाली नको. ही बँकेची अट नाही. आमच्याकडे पैसे येण्यात दोन महिन्यांची ओढाताण नेहमीच असते, म्हणून एवढी फट मला हवी वाटते. तुमचं गिऱ्हाईक वेळेवर पैसे देत असेल तर तुम्ही थोडी कमी ठेवू शकता.

आकडा सुधारायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे अंदाजातली विक्री वाढवणं, आणि तोच करायचा नाही. बँकेला पटेल, पण हप्ता त्या विक्रीतून भरला जाणार नाही.

मुदत वाढवा. आम्ही ५ ऐवजी ७ वर्षं मागितली. मोरॅटोरियम तोच, मुद्दल ७८ महिन्यांत विभागलं, म्हणजे वर्षाला ८ ऐवजी सुमारे ५.५ लाख. ताणाच्या वर्षाचा आकडा १.०७ वरून १.२४ झाला. रेपोची अडीच टक्के वाढ घालूनही १.१४ राहिला. याची किंमत आहे: पूर्ण मुदतीचं व्याज १०.५ लाखांवरून १४.३ वर गेलं, म्हणजे ३.८ लाख जास्त. भाऊ याला तयार नव्हता, एवढं व्याज उगाच कशाला, असं त्याचं म्हणणं. मग मी त्याला सीसी भरून गेलेल्या त्या सात महिन्यांचं स्टेटमेंट दाखवलं. चांगल्या वर्षात जास्तीचं मुद्दल भरून व्याज वाचवता येतं. वाईट वर्षात हप्ता कमी करून घ्यायला गेलं तर खात्याला पुनर्रचनेचा शिक्का बसतो.

थांबा. हाच व्यवहार आम्ही एक वर्षाने केला असता तर दोन कर्जांचे पूर्ण हप्ते एकाच वर्षी आले नसते आणि ५ वर्षांच्या मुदतीतही ताणाचा आकडा १.३ च्या आसपास राहिला असता. आमच्या हातात पार्टची चौकशी आली होती, म्हणून थांबलो नाही. हातात काम नसेल तर मी थांबेन.

सेकंडहँड मशीन बघा, आपला वाटा वाढवा, किंवा पहिलं वर्ष व्हीएमसीचं काम बाहेरून जॉबवर्कने करून घ्या. शेवटच्यात नफा कमी आहे, पण कामाचे तास खरोखर भरतात का, ते कर्ज न काढता कळतं.

## ८. सही करण्याआधी शाखेत काय विचारायचं

पहिला प्रश्न: मोरॅटोरियममध्ये व्याज दरमहा भरायचं की मुद्दलात मिळवलं जाणार? आम्ही दरमहा भरायचं धरलंय. मिळवलं तर मुद्दल ३६ चं सुमारे ३८ होतं आणि वरचे सगळे आकडे बदलतात.

दुसरा: मोरॅटोरियम कधीपासून मोजणार? पहिला पैसा मशीनवाल्याला गेला त्या दिवसापासून मोजलं, आणि मशीन यायला तीन महिने लागले, तर ६ महिन्यांतले तीन रिकामेच गेले. सँपल मंजूर होईपर्यंत हप्ता सुरू होतो. शक्य असेल तर उत्पादन सुरू झाल्यापासून मोजायला सांगा.

तिसरा: कर्ज तारणाशिवाय, सीजीटीएमएसई या लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टच्या हमीवर असेल, तर हमीचं शुल्क दरवर्षी किती आणि कुणी भरायचं? ते व्याजात दिसत नाही, पण हप्त्यासारखंच दरवर्षी जातं. खर्चात धरा.

चौथा: सँक्शन लेटरमध्ये डीएससीआर किंवा इंटरेस्ट कव्हरेज किमान एवढं राहिलंच पाहिजे, अशी अट आहे का? असेल तर ते कुठल्या सूत्राने मोजणार आणि मोडली तर काय, दंडाचं शुल्क किती, हे लिहून घ्या.

पाचवा, आणि आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलेला: हप्त्याची तारीख बदलून मिळेल का? आमचं मोठं गिऱ्हाईक महिन्याच्या १० तारखेच्या आसपास पैसे सोडतं आणि हप्ता ५ तारखेला पडणार होता. दर महिन्याला पाच दिवस खातं थकीत दिसलं असतं. ठरल्या तारखेला पैसे भरले नाहीत तर बँक खात्याला एसएमए हा इशाऱ्याचा शेरा लावते: ३० दिवसांपर्यंत खातं एसएमए-०, ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२ आणि त्यापुढे एनपीए. वर्षाच्या गुणोत्तरात ही पाच दिवसांची ओढाताण कधीच दिसत नाही, पण बँकेच्या नोंदीत दिसते. आम्ही अर्ज दिला आणि तारीख १५ करून घेतली.